एक्स-रे नॉर्मल, तरी अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय: स्कॅफॉइडची शंका असताना पुढची तपासणी कोणती?

प्रश्न: माझा भाऊ (वय २४) घोडबंदर रोडवर स्कूटर घसरून उजव्या तळव्यावर पडला. त्याच रात्री एक्स-रे काढला, फ्रॅक्चर नाही म्हणाले, क्रेप बँडेज बांधलं. आज दहावा दिवस. सूज उतरलीय, पण अंगठ्याच्या मुळाशी दुखतंच आहे. एक डॉक्टर म्हणतात परत एक्स-रे काढू, दुसरे म्हणतात एमआरआय करा, ओळखीतले एक जण म्हणतात सीटी स्वस्त पडेल. एक्स-रे नॉर्मल असताना एवढा खर्च कशासाठी? आणि करायचाच तर यातलं काय करू?

उत्तर: आधी बँडेजचं बोलतो. क्रेप बँडेजने मनगट हलायचं थांबत नाही. भावाला आजच प्लास्टरचा स्लॅब किंवा अंगठ्याला आधार देणारा कडक स्प्लिंट लावून घ्या आणि तपासणीचा निकाल लागेपर्यंत तो काढू देऊ नका. कोणता स्कॅन करायचा यावर घरात चार दिवस चर्चा झाली तरी बिघडणार नाही. त्या चार दिवसांत मनगट मोकळं फिरत राहिलं तर मात्र बिघडू शकतं.

तुम्हाला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांत वेडेपणाचा एकही नाही. ते वेगवेगळे वाटतात, कारण प्रत्येक तपासणीला वेगळं काही दिसतं. इथे शोधायचं एवढंच आहे की मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलंय का, आणि मोडलं असेल तर नेमकं कुठे. हाड मोडलेलं नसण्याचीच शक्यता जास्त आहे. तरीही ठाण्यातल्या माझ्या ओपीडीत असा रुग्ण आला की मी त्याला ‘मुका मार आहे, जा घरी’ असं म्हणत नाही. त्याचं कारण या हाडाच्या रक्तपुरवठ्यात आहे. तो समजला की स्कॅनचा खर्च कशासाठी हेही समजेल.

मनगटात आठ लहान हाडं दोन ओळींत बसलेली असतात. स्कॅफॉइड अंगठ्याच्या बाजूला आहे आणि ते या दोन्ही ओळींना जोडतं, त्यामुळे मनगट कुठल्याही दिशेला वळलं की त्याच्यावर ताण येतो. त्याचं एक टोक बोटांकडे, दुसरं कोपराकडे आणि मध्ये बारीक कंबर. याच्या पृष्ठभागाचा जवळजवळ ८० टक्के भाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असतो, कारण चहूबाजूंनी ते शेजारच्या हाडांवर घासत फिरतं. कूर्चेतून रक्तवाहिनी आत शिरू शकत नाही. शिरायला जागा उरते ती दोनच ठिकाणी: कंबरेजवळ मागच्या बाजूला असलेल्या एका अरुंद कडेवर, आणि बोटांकडच्या टोकाला तळव्याच्या बाजूने.

१९८० साली गेल्बरमन आणि मेनन यांनी मृतदेहांच्या हातांतल्या रक्तवाहिन्यांत द्रव्य भरून हा पुरवठा नीट दाखवला. अंगठ्याखाली आपण जी नाडी बघतो, त्याच धमनीच्या फांद्या इथे येतात. मागच्या कडेवरून शिरणाऱ्या फांद्या हाडाचा ७० ते ८० टक्के भाग पोसतात. तळव्याकडून शिरणाऱ्या फांद्या बोटांकडच्या टोकाचा २० ते ३० टक्के भाग सांभाळतात. कोपराकडच्या टोकाला स्वतःची अशी वाहिनी जवळपास नसतेच. कंबरेतून आत शिरलेलं रक्त उलटं फिरतं आणि हाडाच्या आतूनच त्या टोकापर्यंत पोहोचतं. कालव्याच्या टेलला शेत असलेल्या माणसाला वेगळं समजवायला नको: कालवा मध्येच फुटला तर वरच्यांचं भागतं, कोरडं पडतं ते टेलचं शेत.

स्कॅफॉइड मोडतं ते बहुतेक वेळा कंबरेतच. म्हणजे भेग पडते ती नेमकी रक्ताच्या वाटेवर. भेग जितकी कोपराकडे सरकलेली, तितका तो टोकाचा तुकडा छोटा आणि तितकंच त्याचं रक्त तुटण्याची भीती जास्त. बोटांकडच्या टोकाचं फ्रॅक्चर सहा ते आठ आठवड्यांत जुळतं, कंबरेचं आठ ते बारा आठवडे घेतं आणि कोपराकडच्या टोकाचं तीन ते सहा महिनेसुद्धा. हाड एकच, पण मोडण्याची जागा सेंटिमीटरभर सरकली की सगळा हिशेब बदलतो.

त्यात दुसरी अडचण आहे. पायाचं नळीचं हाड मोडलं की त्याच्यावरचं आवरण भेगेभोवती नव्या हाडाची गाठ तयार करतं आणि ती गाठच भेगेला बाहेरून धरून ठेवते. स्कॅफॉइडच्या बहुतांश पृष्ठभागावर असं आवरणच नाही. भेग आतल्या आतच जुळावी लागते, तीही सांध्याच्या पाण्यात बुडालेल्या अवस्थेत. दोन्ही तुकडे शांत राहिले तर बारीक रक्तवाहिन्या भेग ओलांडून पलीकडे जातात. रोज थोडं थोडं हलत राहिले तर त्या नव्या वाहिन्या पुन्हा पुन्हा तुटतात. उपचार सुरू व्हायला चार आठवड्यांपेक्षा जास्त उशीर झाला की हाड न जुळण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढतं. तुमच्या भावाचा दहावा दिवस आहे, म्हणजे हातात वेळ आहे. तो गप्पांत घालवू नका.

मग पहिल्या रात्री हे का कळत नाही? लोक चटकन म्हणतात की कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने दुर्लक्ष केलं. कधी तसं होतंही, पण निम्मं कारण या हाडाच्या स्वभावातच आहे. मोठ्या वयात माणूस तळव्यावर पडला तर कोपर ते मनगट असणारं मोठं हाड मोडतं, हात वाकडा दिसतो, कुणालाही कळतं. विशी-तिशीतल्या माणसाचं ते हाड दणकट असतं आणि मार स्कॅफॉइडवर जातो. हात सरळच दिसतो. सूज थोडी, बोटं हलतात, मोबाईल धरता येतो. दोन दिवसांनी दुखणंही कमी होतं. म्हणून माणूस स्वतःच ठरवतो की मुरगळलंय. ज्यांचं फ्रॅक्चर उशिरा सापडतं अशा रुग्णांपैकी बरेच जण पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलेलेच नसतात.

फिल्मची अडचण वेगळी आहे. एक्स-रेमध्ये भेग दिसायला किरण त्या भेगेच्या रेषेतून आरपार जावे लागतात. स्कॅफॉइड मनगटात तिरकं बसलेलं, तळव्याकडे झुकलेलं. समोरून फिल्म काढली की ते आखूड दिसतं, बाजूने काढली की शेजारची हाडं त्याच्यावर चढतात. तुकडे जागेवरून हललेले नसतील तर भेग केसाएवढी असते आणि हाडाच्या जाळीत हरवून जाते. त्यात पुष्कळ ठिकाणी मनगटाच्या दोनच फिल्म निघतात. स्कॅफॉइडची शंका असेल तर समोरून, बाजूने, तिरकी आणि मनगट करंगळीकडे वळवून नळी २०-३० अंश कलती ठेवून काढलेली, अशा चार तरी हव्यात. मनगट करंगळीकडे वळवलं की हे हाड उभं होतं आणि पूर्ण लांबीत दिसतं. ही शेवटची फिल्म डॉक्टरने चिठ्ठीवर मागितली नाही तर टेक्निशियन आपणहून काढेलच असं नाही. आणि चारही नीट काढल्या तरी पहिल्या दिवशी काही फ्रॅक्चर सुटतातच. साधारणपणे पाचात एकापर्यंत सुटू शकतात असं मानतात.

म्हणून फिल्मपेक्षा बोटांवर जास्त भर द्यावा लागतो. मी तीन गोष्टी बघतो. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी दोन शिरांमध्ये जो खड्डा पडतो, तो दाबून बघतो. मग हात उलटा करून, मनगटाच्या घडीपाशी अंगठ्याच्या बाजूला जो उंचवटा लागतो तो दाबतो, कारण तो स्कॅफॉइडचाच बोटांकडचा भाग असतो. आणि अंगठा त्याच्या लांबीत, मनगटाच्या दिशेने ढकलतो. पहिल्या एक-दोन दिवसांत तिन्ही ठिकाणी काहीच दुखत नसेल तर स्कॅफॉइड मोडण्याची शक्यता फार कमी. पण तिन्ही ठिकाणी दुखतंय म्हणजे मोडलंच आहे असं मात्र नाही. खड्ड्यावरून एक संवेदनेची नस जाते, ती जोरात दाबली तर निरोगी माणूसही ‘आई गं’ म्हणतो. म्हणून मी आधी चांगला हात दाबतो, मग दुखरा. घरी तपासून बघणार असाल तर तेवढं तरी करा.

इथवर आलं की रुग्ण एका विचित्र जागी उभा असतो: हात तपासल्यावर शंका येते, फिल्म नाही म्हणते. अशा शंभर जणांत प्रत्यक्षात फ्रॅक्चर किती निघेल हे निवड किती काटेकोर केली यावर अवलंबून असतं. वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे आकडे येतात, पण बहुतेकांना फ्रॅक्चर नसतंच. सोयीसाठी शंभरात दहांना आहे असं धरू आणि प्रत्येक तपासणी या शंभर जणांचं काय करते ते बघू. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून तोलणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात नेमके असे रुग्ण घेऊन तीन तपासण्या तोलल्या होत्या, त्यातले आकडे इथे लावतो.

सीटीने दहापैकी साधारण सात फ्रॅक्चर सापडतात, तीन सुटतात. पण ज्या नव्वद जणांना काही नाही, त्यांच्यापैकी जेमतेम एकाला ती उगाच फ्रॅक्चर दाखवते. एमआरआय दहापैकी नऊ पकडते आणि खोटा गजर जवळपास देत नाही. हाडांचा आयसोटोप स्कॅन जवळजवळ दहाच्या दहा पकडतो, पण त्याच्या बरोबरीने फ्रॅक्चर नसलेल्या बारा-तेरा जणांनाही संशयित ठरवतो. त्यांना विनाकारण प्लास्टर बसतं. शिवाय किरणोत्सर्गी औषध शिरेत द्यावं लागतं. मी हल्ली आयसोटोप स्कॅन मागवतो तो एमआरआय अजिबात शक्य नसेल तेव्हाच, उदाहरणार्थ जुना पेसमेकर असेल तर.

सीटी कुठे कमी पडते, तेही बघा. सीटी बघते ती हाडाची खनिज बाजू. बाहेरचं कवच तुटलं असेल तर ती बारीक भेगही स्पष्ट दाखवते. पण फक्त आतली जाळी चिरडली असेल आणि कवच अखंड असेल तर तिला फारसं काही दिसत नाही. उलट, रक्तवाहिनी हाडात शिरते तिथली नैसर्गिक फट कधी कधी भेगेसारखी दिसते. एमआरआय हाडाच्या आतली मज्जा बघते. मोडलेल्या जागी मज्जेत सूज येते आणि ती लवकर दिसते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांतही एमआरआय उपयोगी पडते, दहा दिवस थांबावं लागत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तपासणीनंतर स्कॅफॉइडची शंका असेल तर एमआरआय ही पहिलीच चाचणी म्हणून विचारात घ्या, असं म्हटलं आहे. आपल्याकडे सगळ्यांसाठी ते व्यवहार्य नाही, हे मान्य. आणि एमआरआयसुद्धा फसवू शकते. मज्जेची नुसती सूज म्हणजे मुका मार. फ्रॅक्चर म्हणायचं तर त्या सुजेत आरपार जाणारी काळी रेघ दिसायला हवी. रिपोर्टमध्ये फक्त ‘बोन मॅरो एडिमा’ लिहिलं असेल तर मी रेडिओलॉजिस्टला फोन करून विचारतो की रेघ आहे का.

आता पुन्हा एक्स-रे काढण्याचा सल्ला. तो जुना आहे आणि त्यामागे विचार आहे. मोडल्यानंतर भेगेच्या कडांवरचं हाड शरीर थोडं खाऊन टाकतं, त्यामुळे दहा-चौदा दिवसांनी भेग रुंद होऊन फिल्मवर दिसू लागते. अडचण अशी की ती नेहमीच दिसते असं नाही. दुसऱ्या फिल्मही गोंधळात टाकतात, दोन डॉक्टर तीच फिल्म बघून वेगळं सांगतात. म्हणजे दुसऱ्या एक्स-रेमध्ये भेग दिसली तर तुमचं काम झालं. नाही दिसली आणि खड्डा अजून दुखतोय, तर तुम्ही होतात तिथेच राहिलात, वर हात दोन आठवडे अडकून पडला. खर्चाचा विचार करताना हेही धरा. उजव्या हाताने पोट भरणाऱ्या माणसाचे चार आठवडे गेले तर ते एमआरआयपेक्षा स्वस्त पडत नाहीत. आणि एमआरआय कोरी आली तर त्याच दिवशी स्प्लिंट सैल करून हात हलवायला लावता येतो. बहुतेकांच्या बाबतीत एमआरआयचा फायदा हाच असतो.

एका रुग्णाचं उदाहरण देतो, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. वय २७, ऐरोलीत राहणारा, रबाळे एमआयडीसीत लेथवर काम करणारा, उजखोरा. जुलैच्या पावसात स्टेशनच्या जिन्यावर पाय घसरला आणि तळव्यावर आपटला. संध्याकाळी जवळच्या एका हॉस्पिटलात दोन फिल्म निघाल्या, त्या नॉर्मल. क्रेप बँडेज, गोळ्या, तीन दिवस रजा. चौथ्या दिवशी तो कामावर गेला. माझ्याकडे आला सोळाव्या दिवशी, तेही चक आवळताना कळ येते म्हणून. सूज नव्हती. खड्डा थोडा दुखत होता, तळव्याकडचा उंचवटा जवळजवळ नाहीच. पण मनगट तळव्याकडे वाकवून मनगटाच्या पाठीवर मधोमध दाबलं तर तो हात मागे ओढून घेत होता. स्कॅफॉइडचं कोपराकडचं टोक मनगट वाकवल्यावर तिथे बोटाखाली येतं. म्हणून माझी शंका कंबरेपेक्षा त्या टोकावर गेली.

चार फिल्म काढल्या. सोळा दिवस होऊनही भेग दिसेना. तिरक्या फिल्मवर काहीतरी वाटत होतं, पण शपथेवर सांगावं असं नव्हतं. तेवढ्यावर मी त्याला सोडलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी लेथवर असता. स्लॅब लावला आणि एमआरआयला पाठवलं. त्यात हाडाच्या कोपराकडच्या एक तृतीयांश भागात काळी रेघ आणि दोन्ही बाजूंना मज्जेची सूज, म्हणजे फ्रॅक्चर नक्की. मग मी सीटीही करून घेतली. तुमच्यासारखाच प्रश्न त्याच्या मोठ्या भावाने विचारला: एमआरआयमध्ये दिसलं ना, मग परत सीटी कशाला? कारण आता प्रश्न बदलला होता. मोडलंय हे कळलं होतं, आता तुकडे किती सरकलेत, किती वाकलेत आणि टोकाच्या तुकड्यात स्क्रू बसेल एवढं हाड आहे का, हे बघायचं होतं. त्यासाठी सीटीच लागते, तीही मिलिमीटरपेक्षा पातळ कापांची आणि स्कॅफॉइडच्या लांबीला समांतर बसवलेली. मनगटाच्या सरधोपट दिशेने काप घेतले तर तिरक्या हाडाचा वाक नीट मोजता येत नाही. तुकडे सरकलेले नव्हते, फट मिलिमीटरच्या आत होती.

कंबरेत असं न सरकलेलं फ्रॅक्चर असतं तर मी प्लास्टर घातलं असतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्विफ्ट नावाच्या चाचणीत इंग्लंड-वेल्समधले ४३९ प्रौढ रुग्ण होते, सगळ्यांची भेग कंबरेत आणि दोन मिलिमीटरच्या आत सरकलेली. अर्ध्यांना लगेच ऑपरेशन, अर्ध्यांना प्लास्टर आणि त्यातल्या ज्यांचं जुळत नव्हतं त्यांना वेळीच ऑपरेशन. वर्षानंतर दुखणं आणि हाताचा वापर दोन्ही गटांत सारखाच होता. पण याची भेग कोपराकडच्या टोकात होती. तिथे प्लास्टरला चार-पाच महिने लागू शकतात आणि तरीही न जुळण्याचा धोका राहतो. दोन्ही पर्याय त्याच्यापुढे ठेवले. त्याने स्क्रू निवडला. मनगटाच्या पाठीवरून छोटा छेद घेऊन डोकं नसलेला, दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबणारा स्क्रू बसवला. बारा आठवड्यांनी पुन्हा सीटी केली, कारण स्कॅफॉइड जुळल्याचं साध्या एक्स-रेवर खात्रीने सांगता येत नाही. अर्ध्याहून अधिक रुंदीत हाड भेग ओलांडून गेलेलं दिसलं. आधी हलकं काम, पाचव्या महिन्यात लेथ.

त्याच्या एमआरआय रिपोर्टमध्ये टोकाच्या तुकड्यातली मज्जा काळसर दिसते असं लिहिलं होतं. नेटवर वाचून घरच्यांनी ‘हाड मेलंय का?’ असा धसका घेतला. सुरुवातीच्या आठवड्यांतला तो बदल सुजेमुळेही येतो, त्यावरून तुकडा मेला असं ठरवता येत नाही. रक्त तुटल्याची खूण फिल्मवर यायला बरेच आठवडे जातात. प्लास्टरमध्ये हात न वापरल्याने आजूबाजूची हाडं फिकट होतात, कारण त्यांच्यातलं कॅल्शियम रक्तावाटे निघून जातं. ज्या तुकड्यात रक्तच पोहोचत नाही त्यातून काही निघूही शकत नाही, म्हणून तो शेजाऱ्यांपेक्षा पांढरा दिसत राहतो. असा पांढरा तुकडासुद्धा कधी कधी हळूहळू जुळतो. म्हणून नुसत्या रंगावरून मी ऑपरेशन ठरवत नाही.

न जुळलेलं स्कॅफॉइड घेऊन माणसं वर्षानुवर्षं काम करतात, हेही मी पाहिलंय. फक्त पुढे दोन तुकडे वेगवेगळे हलत राहतात, अंगठ्याच्या बाजूला मोठ्या हाडाच्या टोकावर घासतात आणि सांधा तिथून झिजायला लागतो. मग तो झिजण्याचा भाग मनगटाच्या मध्यापर्यंत सरकतो. त्या टप्प्यावर हाड बसवण्याची शस्त्रक्रिया कामाची राहत नाही. मनगटाची काही हाडं काढणं किंवा एकमेकांना जोडून टाकणं हेच उरतं. पुष्कळांना तेव्हा आठवतं की कॉलेजात असताना फुटबॉल खेळताना हात मुरगळला होता.

तुमच्या भावासाठी माझा सल्ला सरळ आहे. दहाव्या दिवशीही खड्डा दुसऱ्या हातापेक्षा स्पष्ट जास्त दुखत असेल आणि एमआरआय परवडत असेल, तर या आठवड्यात मनगटाची साधी एमआरआय करा, कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे शिरेतून औषध न देता. चिठ्ठीवर ‘स्कॅफॉइड फ्रॅक्चरची शंका’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘मनगट दुखतं’ लिहिलं तर सेंटरवाले जाड काप घेऊन मोकळे होतात. मनगटाभोवती बसणारी वेगळी छोटी कॉइल आहे का, हे फोनवर आधीच विचारा. काही सेंटर फक्त दोन-तीन सीक्वेन्सची छोटी तपासणी कमी दरात करतात. या प्रश्नासाठी ती पुरते. प्लास्टर असलं तरी एमआरआय करता येते, पण कॉइलमध्ये हात बसण्यासाठी स्लॅब काढावा लागतो, तेव्हा तो परत बांधून देणारं कुणीतरी बरोबर असू द्या.

एमआरआय जमत नसेल, बंद जागेची भीती असेल किंवा तारीखच आठवडाभर पुढची मिळत असेल, तर पातळ कापांची सीटी चालेल. ती कोरी आली तर वर धरलेल्या हिशेबाने सीटी कोरी आलेल्या शंभरांत साधारण तिघांना फ्रॅक्चर असू शकतं. म्हणून सीटी कोरी असूनही खड्डा दुखत राहिला तर स्प्लिंट चालू ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. दोन्ही स्कॅन शक्य नसतील तर एक्स-रेचा सल्ला पाळा, पण स्लॅबसकट, चारही फिल्मसह, आणि दुसरी फिल्मही कोरी निघाली व दुखणं तसंच असेल तर तिथे थांबायचं नाही एवढं आधीच ठरवून.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर पहिल्या रात्रीच्या फिल्म किंवा त्यांची सीडी न्या. आता भेग दिसली तर ती तेव्हा होती का, किती सरकली, हे त्याच फिल्मशी ताडून बघता येतं.